केटरिंगच्या बाकी पैशांची पेमेंट लिंक अडकत होती, ती अशी सुटली

नागपुरात लॉनवरचं लग्न, 500 ताटं, जीएसटी धरून 600 रुपये दर, म्हणजे 3 लाख. बुकिंगला 75,000 आले, पण दीड लाखाची दुसरी लिंक वारंवार फेल झाली. लिंक बरोबरच होती. यूपीआयची साधारण मर्यादा दिवसाला 1 लाख, आणि वधूपिते फोनवरूनच भरत होते.

आता 75,000 च्या चार लिंका करतो: बुकिंग, महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि पंगत उठल्यावर. प्रत्येकीवर लग्नाची तारीख आणि हप्ता क्रमांक लिहायचाच, नाहीतर कोणता हप्ता आला ते कळत नाही. तिसरा हप्ता आल्याशिवाय किराणा उचलू नये.

ताटं 40 वाढली तर जुनी लिंक बदलू नका, 24,000 ची वेगळी पाठवा.