६० दिवस उलटूनही परवान्यावर उत्तर नाही: माझा अनुभव

लक्षण असे: अर्जाची पोच ३ जानेवारीची, कायद्यात मुदत ६० दिवसांची, आणि ४ मार्चनंतरही कार्यालय गप्प. ५ मार्चला मी "मंजुरी गृहीत धरली" असे पत्र दिले. उत्तर नाही. स्मरणपत्र दिले, तेही वाया गेले. महिनाभर झोप उडाली होती.

चूक माझ्या मोजणीत होती. मी कलम पुन्हा शब्दशः वाचले. नुसती मुदत दिलेली असेल तर मौनाचा अर्थ मंजुरी होत नाही. "मंजूर समजण्यात येईल" असे शब्द लागतातच. काही कायद्यांत तर मौन म्हणजे नकार. माझ्या कलमात मंजुरीचे शब्द होते, पण मुदत अर्ज किंवा त्रुटीची पूर्तता, यांपैकी जे नंतर असेल त्यापासून मोजायची होती. त्रुटीपत्र २ फेब्रुवारीला आले होते, पूर्तता मी १० फेब्रुवारीला दिली. म्हणजे मुदत ११ एप्रिलला संपली.

मग १२ एप्रिलला कलम, दोन्ही पोचपावत्या आणि दिवसांचा तक्ता जोडून नवे पत्र हातोहात दिले, शिक्का घेतला, आणि मानीव, म्हणजे मुदत उलटल्याने मिळाली असे समजल्या जाणाऱ्या, मंजुरीची नोंद घेऊन परवाना द्यावा अशी मागणी केली. नोंद झाली, परवाना मिळाला.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: प्रस्ताव मुळात नियमबाह्य असेल तर मौनाने तो कायदेशीर होत नाही.