शार्डोने घेताना ओक ओळखा

शार्डोनेच्या द्राक्षाचा स्वतःचा स्वाद सौम्य असतो, त्यामुळे वाइन कशात ठेवली होती हे चवीत लगेच उतरतं. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या साध्या शाब्लीची बाटली घ्या; तीही शार्डोनेचीच वाइन. ती बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत तयार होते. स्टील स्वतःची चव देत नाही, म्हणून हिरवं सफरचंद, लिंबू आणि आंबटपणा स्वच्छ लागतो.

त्याच बर्गंडीतल्या मर्सो गावची शार्डोने सहसा २२८ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत आंबते आणि मुरते. नवं पिंप व्हॅनिला, भाजलेल्या बदामाचा वास देतं. लाकडातून अगदी थोडी हवा आत जात राहते आणि वाइनची चव मऊ, गोलसर होते. दोन-तीन हंगाम वापरलेलं पिंप वास फारसा देत नाही, गोलाई मात्र देतं.

स्वस्त वाइनमध्ये बऱ्याचदा टाकीतच ओकचे तुकडे टाकतात. वास येतो, पण फक्त तुकड्यांनी पिंपातली ती हवा मिळत नाही. व्हॅनिला नाकाला जोरात जाणवला आणि घोट गिळल्यावर चव लगेच तुटली, तर मला तुकड्यांचा संशय येतो. खात्री मात्र देता येत नाही.

लोण्याचा वास आला म्हणून ओक समजू नका. तो मॅलोलॅक्टिक किण्वनातून, म्हणजे जिवाणू वाइनमधलं तीव्र आम्ल सौम्य करतात त्यातून येतो, आणि ते स्टीलमध्येही होतं.