"शिक्षकी का सोडता?" याचं उत्तर हजेरीपत्रकातून द्या
शिक्षक डेटाच्या नोकरीच्या मुलाखतीला गेला की हा प्रश्न येतोच. त्यावर पगाराचं रडगाणं नको. स्वतःच्या वर्गाच्या हजेरीवर केलेलं काम दाखवा.

एक्सेलमध्ये एका ओळीत एक विद्यार्थी आणि एक दिवस. हजर 1, गैरहजर 0. नावांऐवजी क्रमांक. पिव्होट टेबलात महिन्यानुसार Average घ्या, आपोआप येणारा Sum नव्हे.

हमखास चूक दिवाळीच्या सुट्टीत होते. 24 पैकी 12 दिवस शाळा बंद असताना तिथे 0 भरला, तर 90 टक्के हजेरी 45 दिसते. त्या ओळी भरूच नका. तरीही घसरण उरली, तर कापूस वेचायला जाणाऱ्या घरांतली मुलं वेगळी काढून बघा. मात्र "वेचणीमुळे" म्हणू नका, "वेचणीच्या काळात" म्हणा. मुलाखत घेणारा नेमका तिथंच पकडतो.