उणे वीसच्या खोलीत शिरताना कपडे कसे घालावेत

मे महिन्यात इंदूरला दुपारी पारा बेचाळिसाला टेकतो, आणि कोल्ड स्टोरेजमधल्या गोठवलेल्या मटाराच्या खोलीत काटा उणे वीसवर असतो. या दोन्हींत एका दाराचं अंतर. नव्या पोराला सगळे एकच सल्ला देतात, "भरपूर कपडे घाल." माझ्या मते हा सल्ला निम्मी दुखणी आणतो. फ्रीजरमध्ये माणूस गारठतो तो बहुधा कपडे कमी पडले म्हणून नाही, आतले कपडे ओले झाले म्हणून.

थर तीन. अंगाला चिकटून पॉलिस्टरची किंवा लोकरीची पातळ थर्मल बनियान आणि तशीच पँट, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर फ्रीजरचं जाड जॅकेट आणि छातीपर्यंत येणारी डांगरी. कानटोपी हवीच. हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेला लोकरीचा स्वेटर मधल्या थराला उत्तम चालतो, उगाच महागाचं घेऊ नका. सुती बनियान मात्र घरी ठेवा. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं.

आता घामाचं. पहिल्या उन्हाळ्यात मी घालता येईल ते सगळं घातलं होतं. सुती बनियान, दोन स्वेटर, वर जॅकेट, आणि हा सगळा जामानिमा करून गाडीची वाट पाहत बाहेर प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. गाडी वीस मिनिटं उशिरा आली. आत गेलो, दहा मिनिटं पेट्या उचलल्या तेव्हा मस्त वाटलं. मग गाडीवाल्याचा हिशेब होईपर्यंत आतच थांबलो आणि पाठीवरून कुणीतरी बर्फाची लादी फिरवावी तशी थंडी शिरली. दात वाजायला लागले. तिथल्या जुन्या काकांनी मला बाहेर ओढलं, बनियान काढायला लावली आणि म्हणाले, "पिळ बघू." पाणी निघालं. "हे घालून तू आत गेला होतास," एवढंच ते बोलले.

थर ऊब देतात ते त्यांच्यात अडकलेल्या कोरड्या हवेमुळे. त्या हवेच्या जागी पाणी आलं की अंगातली उष्णता त्या पाण्यातून भराभर बाहेर पळते. काम चालू असेपर्यंत अंग स्वतः उष्णता करतं म्हणून कळत नाही. हात थांबले की कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. बाहेरच्या उन्हात फक्त थर्मल आणि साधी पँट. स्वेटर, डांगरी आणि जॅकेट अँटी रूममध्ये, म्हणजे फ्रीजरच्या आधीच्या थंड खोलीत, अगदी शेवटच्या क्षणी चढवायचं. आत शिरताना किंचित गार वाटलं पाहिजे. सुरुवातीलाच छान ऊबदार वाटत असेल तर पाच पेट्यांनंतर घाम येणार हे नक्की. पेट्या उचलताना जॅकेटची चेन गळ्याशी चार बोटं उघडी ठेवा, थांबलात की लगेच बंद करा. आणि कामाच्या पाळीच्या मध्यात, घाम आलेला असो वा नसो, बनियान बदला. सोबत दोन जास्तीच्या बनियानी ठेवायच्या, तिथे कंजुषी नको.

एक फरक लक्षात ठेवा. रीच ट्रकवर, म्हणजे उंच मांडणीवरचा माल काढणाऱ्या यंत्रावर, बसून काम करणाऱ्याला हम्मालाचा हिशेब लागू नाही. तो हलत नाही, त्याचं अंग फारशी उष्णता करत नाही, त्यामुळे त्याला एक थर जास्त लागतो आणि चेन पूर्ण बंद. दोघांना एकाच जाडीचं जॅकेट वाटणारा मालक दोघांपैकी एकाला नक्की आजारी पाडतो.

हातमोज्यांतही घामाचाच खेळ आहे. आत पातळ विणलेला मोजा, वर जाड इन्सुलेटेड मोजा. नुसते लोकरीचे मोजे घालून हँड पॅलेटचा लोखंडी दांडा धरलात तर थंडी थेट बोटांत शिरते. विकत घेताना बर्फाच्या फुलाचं चिन्ह आणि त्याखालचे तीन आकडे बघा, ती ईएन ५११ या थंडीच्या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाची खूण. पहिला आकडा थंड हवेचा, दुसरा थंड वस्तू धरण्याचा, तिसरा पाण्याचा. पेट्या आणि लोखंड हाताळणाऱ्याने दुसऱ्या आकड्याकडे बघावं, तो चारपर्यंत असतो. पण लेबल काहीही म्हणो, घट्ट मोजा घेऊ नका. बोटांच्या टोकाला जरा मोकळी जागा हवी. मी आतल्या मोज्यांच्या तीन जोड्या ठेवतो, दर सुट्टीला जोडी बदलतो. पेटीवरचं लेबल वाचायला किंवा टेप सोलायला मोजा काढायचा नाही, ते काम बाहेर आणून करा. उघड्या, जराशा ओल्या हाताने उणे वीसचं लोखंड धरलं तर कातडी चिकटते.

बुटांचं थोडक्यात: साधे गमबूट थंडीत कडक होतात आणि घसरतात. पीयूचे किंवा आत फेल्टचं अस्तर असलेले फ्रीजरचे बूट घ्या, एक नंबर मोठे. आत लोकरीचा एकच मोजा. दोन मोजे कोंबले की रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात.

सुट्टीचा वेळ. उणे वीसला आम्ही चाळीस मिनिटं आत, वीस मिनिटं बाहेर असं चालवतो, आणि आत कधीही एकटा माणूस नसतो. बाहेर म्हणजे अँटी रूम नव्हे, तिथे पाच-सात अंशच असतात. बाहेर म्हणजे रस्त्यावरचं ऊनही नव्हे. लोक जॅकेट घालूनच चहाच्या टपरीवर जातात, तिथे घामाने भिजतात आणि तसेच आत शिरतात, की पुन्हा माझा पहिला उन्हाळा. कपडे बदलायच्या खोलीत बसा. जॅकेट, डांगरी, हातमोजे काढून टांगा, बूट सैल करा, गोड चहा घ्या. थंडी घालवायला घोटभर दारू हा तर निव्वळ खुळेपणा. तिने कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि आतलं अंग आणखी थंड होतं.

परत जायची वेळ घड्याळ एकटं ठरवत नाही. अंगठा करंगळीच्या टोकाला सहज लावून बघा. लागत नसेल, किंवा बनियान पाठीला ओली लागत असेल, तर आणखी दहा मिनिटं थांबा. ही खूण आतही वापरा: अंगठा अडखळला की चाळीस मिनिटं व्हायची वाट न बघता बाहेर या. कुणी बोलताना अडखळायला लागला, किंवा कुडकुडता कुडकुडता एकदम शांत झाला, तर त्याला विचारत बसू नका, बाहेर काढा, ओलं काढून कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळा आणि डॉक्टर गाठा.

बोट पांढरं, मेणासारखं दिसलं आणि स्पर्श कळेनासा झाला तर चोळायचं नाही, हीटरवर धरायचं नाही. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. दुसऱ्याने कोपर बुडवून सोसेल इतकं कोमट पाणी करावं आणि त्यात हात ठेवावा. रंग आला तरी त्या दिवशी पुन्हा आत जाऊ नये. नाही आला तर दवाखाना. मधुमेह असलेल्यांनी पायाची बोटं दर सुट्टीला डोळ्यांनी बघावीत, त्यांना दुखणं कळेलच असं नाही.

पाळी संपली की बुटांची अस्तरं बाहेर काढून दोरीवर टाका. बुटातच राहिली तर सकाळी ओलीच असतात.