परिच्छेद मोडून तक्ता करण्याआधीची तयारी

बिघाडाबद्दलच्या परिच्छेदाचा लक्षण, कारण आणि उपाय असा तक्ता करायचा असेल, तर रेघा आखायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो परिच्छेदात दडलेलं सगळं बाहेर काढायला, म्हणून ही तयारी त्याचीच आहे. उदाहरणासाठी लेझर प्रिंटरच्या पुस्तिकेत शोभेल असा एक परिच्छेद घेऊ: ‘छपाई फिकी येत असल्यास टोनर संपत आलेला असू शकतो, कार्ट्रिज काढून हलक्या हाताने आडवं हलवून पुन्हा बसवावं, तरीही फरक न पडल्यास बदलावं. मात्र टोनर बचतीची सेटिंग सुरू असली तरीही असं होतं. अक्षरं पुसली जात असल्यास कागदाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो किंवा फ्यूझर बिघडलेला असतो. फ्यूझर फार तापतो, हे लक्षात ठेवावं.’ फ्यूझर म्हणजे टोनरची पूड उष्णतेने कागदावर पक्की चिकटवणारा भाग.

आधी मूळ मजकुराची छापील प्रत आणि चार रंगांची पेनं जवळ ठेवा. लक्षण, कारण आणि उपाय यांना एकेक रंग द्या. चौथा रंग या तिन्हींत न बसणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे इशारे आणि अटींसाठी. हाताला भाजू शकतं हे सांगणारं वाक्य परिच्छेदात शेवटी आलंय आणि नेमकं तेच तक्ता करताना गळून पडतं.

मग वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना गोल करा. ‘किंवा’ आणि ‘मात्र’ दिसले की बहुतेक वेळा तिथे नवी ओळ सुरू होते, कारण एका ओळीत एकच कारण असायला हवं. दोन कारणं एकाच चौकटीत कोंबली की कोणता उपाय कोणत्या कारणासाठी हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘तरीही फरक न पडल्यास’ याचं तसं नाही. तो क्रम आहे. त्याची ओळ वेगळी काढू नका, उपायाच्याच चौकटीत दुसरी पायरी म्हणून लिहा. नाहीतर कोणीतरी कार्ट्रिज न हलवताच नवीन आणेल.

लक्षणं प्रिंटरसमोर उभ्या माणसाच्या नजरेतून लिहा. ‘फ्यूझर बिघडला’ हे लक्षण नाही, कारण झाकण न उघडता ते कोणाला दिसत नाही. ‘छपाई खराब’ हेही फार ढोबळ आहे. ‘पूर्ण पान फिकं’, ‘एकाच उभ्या पट्ट्यात फिकं’, ‘बोट फिरवल्यावर अक्षरं पुसली जातात’ अशी फोड करा.

माझ्या मते खरी मेहनत कारणांच्या रकान्यात आहे. दोन ओळींचं लक्षण एकच असेल तर आपली ओळ कोणती, हे कसं ओळखायचं? परिच्छेद याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून दुरुस्ती करणाऱ्या माणसाशी बोलण्याची वेळ आधीच ठरवून ठेवा आणि प्रत्येक कारणामागे एक ओळखखूण मागून घ्या. फिक्या पानासाठी ती अशी असेल: प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूतून चाचणीचं पान काढा. ते ठळक आलं तर दोष कॉम्प्युटरवरच्या सेटिंगमध्ये. तेही फिकं आलं तर प्रिंटरच्या मेनूतली बचत बंद आहे ना ते बघा, मग टोनरकडे वळा. पुसल्या जाणाऱ्या अक्षरांसाठी साधा कागद घालून सेटिंगमध्येही ‘साधा’ निवडा. जाड कागदाला जास्त उष्णता लागते. तो घालून सेटिंग साध्या कागदाची ठेवली, तर टोनर नीट चिकटत नाही. साध्या कागदावरही अक्षरं पुसली गेली, तर संशय फ्यूझरवर.

ओळींचा क्रम मूळ मजकुरातून जसाच्या तसा उचलू नका. दुरुस्तीच्या नोंदी मिळाल्या तर वारंवार आढळणारं कारण वर घ्या. नोंदी नसतील तर ज्याची तपासणी सोपी, बिनखर्चाची आणि निर्धोक, ते आधी. त्या हिशेबाने इथे सेटिंग टोनरच्या वर जाते.

इशाऱ्याची जागाही आताच ठरवा. वाचणारा फक्त आपली ओळ वाचतो, म्हणून तक्त्याखालची तळटीप उपयोगाची नाही. फ्यूझरच्या ओळीत उपायाची सुरुवातच ‘प्रिंटर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या’ अशी हवी, आणि आत हात घालावा लागणाऱ्या प्रत्येक ओळीत ती पुन्हा लिहायला हवी. ‘वरीलप्रमाणे’ कुठेच नको.

अडकलेला कागद काढण्यासारखी लांबलचक कृती चौकटीत कोंबू नका. ती तक्त्याबाहेर क्रमवार लिहा आणि चौकटीत फक्त तिचं नाव द्या.

तपासणीसाठी मूळ प्रत आणि बिघडलेली दोन-तीन पानं बाजूला काढून ठेवा. तक्ता झाला की त्यात आलेलं एकेक वाक्य मूळ प्रतीवर खोडत जा. न खोडलेलं वाक्य उरलं, तर ते का गाळलं याचं उत्तर तुमच्याकडे हवं. मग प्रिंटरची फारशी माहिती नसलेल्या कोणालातरी ती पानं द्या, आणि त्यांचं बोट आधी कोणत्या ओळीवर जातं ते काही न सुचवता बघा.