स्मॉग चेकच्या आदल्या संध्याकाळी कोड क्लिअर करू नका: कॅलिफोर्नियात हमखास होणाऱ्या चुका

भारतात पीयूसी करताना नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि धूर मोजतात. डॅशबोर्डवर कोणता दिवा पेटलाय, हे कोणी बघत नाही. त्या सवयीने इकडे आलेल्या आपल्या लोकांचा स्मॉग चेकला, म्हणजे इथल्या प्रदूषण तपासणीला, गोंधळ होतो. कॅलिफोर्नियात 2000 आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना नळी लावतच नाहीत. गाडीच्या कॉम्प्युटरलाच केबल जोडून विचारतात. चेक इंजिनचा दिवा पेटलेला असेल, तर गाडी कितीही स्वच्छ चालत असली तरी नापास.

माझ्या मेहुण्याच्या 2012 च्या सेडानचं हेच झालं. रजिस्ट्रेशनची नोटीस आली तेव्हा दिवा पेटलेला होता आणि गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड होता P0456. म्हणजे पेट्रोलच्या वाफा अडवून ठेवणाऱ्या यंत्रणेत बारीक गळती. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. त्याने नवीन झाकण बसवलं, ते अगदी बरोबर केलं. मग त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरने कोड क्लिअर केला, म्हणजे पुसला, टाकी फुल केली आणि सकाळी स्मॉग चेकला गेला. दिवा बंद, तरी गाडी नापास.

पहिली चूक: कोडबरोबर बाकीचंही पुसलं जातं

गाडीचा कॉम्प्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, वाफांची यंत्रणा अशा एकेका भागाची स्वतः चाचणी घेत असतो. या चाचण्यांना मॉनिटर म्हणतात. कोड क्लिअर केला किंवा बॅटरीची वायर काढली, की सगळ्या मॉनिटरचे निकाल पुसले जातात आणि स्कॅनरवर ते Incomplete दिसू लागतात. 2000 आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला इथे फक्त वाफांचा, म्हणजे EVAP मॉनिटर अपुरा असला तर चालतो. बाकी सगळे पूर्ण लागतात.

खरं तर कोड पुसायची गरजच नव्हती. दोष खरोखर दुरुस्त झाला असेल आणि संबंधित चाचणी लागोपाठ तीन फेऱ्यांत पास झाली, तर दिवा आपोआप विझतो आणि बाकीचे मॉनिटर शाबूत राहतात. हाताशी दोन-तीन आठवडे असतील तर मी हीच वाट धरायला सांगेन.

दुसरी चूक: नुसती गाडी फिरवत बसणं

मॉनिटर चालायला ठरावीक परिस्थिती लागते. गाडी रात्रभर, किमान आठ तास, थंड राहू द्या. सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं जागेवर चालू ठेवा. मग हायवेवर ताशी 55 ते 60 मैलांवर दहा मिनिटं एकसारखी चालवा आणि अधूनमधून ब्रेक न लावता नुसता पाय उचलून वेग कमी होऊ द्या. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते, पण कन्व्हर्टरची चाचणी बहुधा अशा चालवण्यातच होते. सिग्नल-टू-सिग्नल शंभर मैल फिरलात तरी ती अडून बसू शकते.

EVAP चं आणखी एक पथ्य आहे. टाकी साधारण 15 ते 85 टक्क्यांच्या मध्ये नसेल तर ही चाचणी सुरूच होत नाही. मेहुण्याने टाकी फुल करून स्वतःच ती वाट बंद केली होती. पाव ते पाऊण टाकी ठेवणं उत्तम.

तिसरी चूक: Permanent कोड न बघणं

इथे बहुतेक जण फसतात. शनिवारी हायवेवर चक्कर मारल्यावर मेहुण्याचे बाकी सगळे मॉनिटर पूर्ण झाले, EVAP तेवढा राहिला. नियमाप्रमाणे तो चालतो, म्हणून तो परत गेला आणि पुन्हा नापास झाला.

कारण 2010 आणि त्यानंतरच्या गाड्यांत दिवा पेटवणारा कोड वेगळ्या जागी Permanent म्हणूनही साठतो. तो स्कॅनरने पुसता येत नाही, बॅटरी काढूनही जात नाही. ती चाचणी स्वतः पास झाली की कॉम्प्युटरच तो काढतो. जुलै 2019 पासून कॅलिफोर्नियात हा कोडही तपासतात. मेहुण्याचा EVAP चाललाच नव्हता, म्हणून P0456 तिथेच बसलेला होता.

यातून एक सूट आहे. कोड क्लिअर केल्यापासून गाडी किमान 200 मैल चालली असेल आणि इंजिन किमान 15 वेळा थंड अवस्थेतून नीट गरम झालं असेल, तर Permanent कोडमुळे नापास करत नाहीत. गरम इंजिन बंद करून लगेच चालू केलं तर ते मोजत नाहीत. पाण्याचं तापमान निदान 22 अंश सेल्सिअसने वाढून 71 च्या पुढे जावं लागतं.

हे आकडे बहुतेक स्कॅनरवर ‘कोड क्लिअर केल्यापासून’ या अर्थाच्या ओळींत दिसतात. मेहुण्याचे होते 9 वेळा आणि 260 किलोमीटर, म्हणजे 162 मैल. दोन्ही कमी. त्यानंतर चार दिवस तो सकाळ-संध्याकाळ ऑफिसला याच गाडीने गेला. आकडा 17 वेळा आणि 340 किलोमीटर, म्हणजे 211 मैल झाल्यावर आम्ही दिवा, मॉनिटर आणि हे दोन्ही आकडे घरीच पाहिले आणि मगच तिसऱ्यांदा गेलो. EVAP तेव्हाही Incomplete होता. गाडी पास झाली.