कोर्स सोडावा की रेटून न्यावा? विथड्रॉ करण्यापूर्वीचा हिशेब

अमेरिकेत एमएस करणाऱ्यांना हा प्रश्न मिडटर्मचा पेपर हातात पडला की पडतो. विथड्रॉ करण्याची मुदत बहुतेक विद्यापीठांत सेमिस्टरच्या उत्तरार्धात असते. ती तारीख आधी अकॅडमिक कॅलेंडरमध्ये बघून घ्या. पहिल्या एक-दोन आठवड्यांतला ‘ड्रॉप’ वेगळा, त्याची ट्रान्सक्रिप्टवर नोंद राहत नाही. नंतरच्या विथड्रॉवलचा ‘डब्ल्यू’ कायम दिसतो आणि फी सहसा परत मिळत नाही. मात्र जीपीएच्या हिशेबात ‘डब्ल्यू’ धरत नाहीत, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. अल्गोरिदम्सचा ३ क्रेडिटचा कोर्स आहे. सिलॅबसप्रमाणे होमवर्कला २० टक्के, मिडटर्मला ३०, प्रोजेक्टला १५ आणि फायनलला ३५. अर्धे होमवर्क झाले, त्यात सरासरी ८४. मिडटर्ममध्ये ५२. म्हणजे होमवर्कचे ८.४ आणि मिडटर्मचे १५.६ मिळून २४ गुण पदरात पडले, ६० अजून बाकी आहेत. पोर्टलवर दिसणारी ‘सध्याची टक्केवारी’ बघून निर्णय घेऊ नका. झालेल्या ४० गुणांवरच ती काढलेली असते आणि कधीकधी भारांकनही त्यात नीट धरलेले नसते.

‘बी’ला ८० आणि ‘सी’ला ७० लागतात असे धरू. उरलेल्या ६० पैकी ‘बी’साठी ५६ हवेत, ‘सी’साठी ४६. इथेच बरेच जण थांबतात आणि फसतात, कारण हे ६० गुण एकजात नाहीत. होमवर्कमध्ये पुन्हा ८४ आणि प्रोजेक्टमध्ये ९० मिळतील असे धरले, तर त्यांचे २१.९ गुण होतात. ते वजा केले की खरा आकडा समोर येतो: ‘बी’साठी फायनलमध्ये ९७ टक्के आणि ‘सी’साठी ६९. ‘बी’ विसरा. फायनलही मिडटर्मसारखीच ५२ वर गेली, तर एकूण ६४ होतात, म्हणजे ‘डी’.

मग प्रश्न उरतो ५२ वरून ६९ वर जाण्याचा. मिडटर्मचा पेपर काढून गेलेले गुण कुठे गेले ते बघा. वेळ संपल्यामुळे एक अख्खा प्रश्न सुटला असेल, तर १७ गुणांची उडी शक्य आहे. प्रत्येक प्रश्नात निम्मे-निम्मे गेले असतील, तर ती अवघड आहे. प्राध्यापकांना वर्गाची सरासरीही विचारा. ती ५४ असेल आणि शेवटी कर्व्ह लावणार असतील, तर वरचे सगळे गणित बदलते.

आता जीपीए. आधीच्या सेमिस्टरचे ९ क्रेडिट ३.२ ने झाले आहेत, म्हणजे २८.८ ग्रेड पॉइंट. या सेमिस्टरच्या दुसऱ्या दोन कोर्समध्ये ‘बी प्लस’ आणि ‘ए मायनस’ अपेक्षित आहेत, त्यांचे २१. एकूण १५ क्रेडिटवर ४९.८. विथड्रॉ केल्यास जीपीए ३.३२ राहतो. ‘सी’ आला तर ३.१०, ‘डी’ आला तर २.९३ आणि ‘एफ’ आला तर २.७७. पदव्युत्तर अभ्यासक्रमांत बहुधा ३.० ची अट असते; त्याखाली गेलात की प्रोबेशन, आणि असिस्टंटशिप असेल तर तीही धोक्यात. म्हणजे ‘सी’ परवडतो, ‘डी’ नाही. शिवाय अनेक विभागांत ‘डी’चे क्रेडिट पदवीत धरतच नाहीत. हा कोर्स सक्तीचा असेल, तर तो पुन्हा करावा लागेल आणि जुनी ग्रेड मात्र काही ठिकाणी सरासरीत तशीच राहते.

एवढ्यावरून विथड्रॉ करावेसे वाटेल. पण एफ-१ व्हिसावर असाल, तर बटण दाबायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसच्या डीएसओंना भेटा. पूर्णवेळ म्हणजे ९ क्रेडिट असतील, तर ३ गेल्यावर ६ च उरतात. त्यासाठी ‘रिड्यूस्ड कोर्स लोड’ची परवानगी आधी लागते. नंतर कळवले, तर स्टेटस जाऊ शकतो. अभ्यासाच्या अडचणीवरची ही सवलत ठराविक कारणांसाठीच असते, उदाहरणार्थ इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणे किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स घेतला जाणे. त्यातही एका पदवी पातळीवर ती एकदाच मिळते. नुसते ‘ग्रेड खराब येईल’ हे कारण पुरत नाही. परवानगी मिळणार नसेल, तर विथड्रॉचा पर्यायच नाही, आणि मग सगळा जोर फायनलच्या त्या ६९ वर.

परवानगी मिळणार असेल आणि पेपर पाहून ६९ ची आशा वाटत नसेल, तर मुदतीच्या दोन-तीन दिवस आधीच विथड्रॉ करा. सह्या शेवटच्या दिवशी हमखास अडकतात.